एका ओव्हनमध्ये दोन ट्रे : नानखटाईचा रंग सारखा कसा राखावा?

रमजान ईदच्या आधीच्या आठवड्यात नानखटाईची मागणी एकदम वाढते. मोहल्ल्यातील बेकरीत पीठ मळून नेऊन भट्टीतून भाजून आणण्याची पद्धत अजून आहे. परंतु आता अनेक भगिनी विजेच्या ओव्हनवर घरीच माल काढून ऑर्डरप्रमाणे विकतात. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड व कोळशावरील भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या भट्टीवर काम केलेल्या कारागिरांनाही नवा ओव्हन समजून घ्यावा लागत आहे.

या कामात एक तक्रार वारंवार ऐकू येते. एकच पीठ, एकच वेळ, एकच ओव्हन. पण दोन ट्रे एकदम लावले की वरच्या ट्रेतील माल वरून लाल आणि खालून कच्चा निघतो, तर खालच्या ट्रेतील माल तळाला करपतो आणि वरून पांढरा राहतो. कापडाच्या धंद्यात एकाच रंगाच्या दोन ताग्यांत छटा वेगळी आली तर गिऱ्हाईक दोन्ही तागे परत करते. नानखटाईच्या डब्याचेही तसेच आहे. म्हणून या लेखात आम्ही फक्त एवढ्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

ओव्हन तापला म्हणजे काय?

जुन्या विटांच्या भट्टीत कारागीर आधी लाकूड जाळतो, विस्तव बाजूला ओढतो आणि मग माल आत सरकवतो. माल भाजतो तो ज्वाळेवर नव्हे, तर विटांनी साठवलेल्या उष्णतेवर. विजेच्या ओव्हनमध्ये विटा नाहीत, पत्र्याच्या भिंती आहेत. परंतु तत्त्व तेच आहे. हवा लवकर तापते, भिंती व जाळ्या उशिरा तापतात.

बटण १६५ अंशांवर ठेवले की बहुतेक ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटांत दिवा विझतो. लोक समजतात, ओव्हन तयार झाला. खरे तर त्या वेळी फक्त आतील हवा तापलेली असते. दार उघडताच ती हवा बाहेर पडते आणि थंड पत्र्याच्या भिंतींजवळ तिची भरपाई करण्याइतकी उष्णता नसते. मग रॉड पुन्हा पूर्ण जोराने लाल होतात. वरच्या रॉडची धग सरळ मालावर पडते, वरचा थर रंगतो आणि आतील तूप मात्र हळूहळू वितळत राहते. नानखटाई फुगून आकार धरण्याऐवजी पसरते.

म्हणून दिवा पहिल्यांदा विझल्यावर थांबावे. तो पुन्हा लागेल, पुन्हा विझेल. तिसऱ्यांदा विझला की माल आत घालावा. एकूण सुमारे वीस मिनिटे लागतात. काही ओव्हनमध्ये दिवा फक्त वीज सुरू असल्याचे दाखवतो. तेथे घड्याळ लावूनच वीस मिनिटे मोजावीत. बटणावरील आकड्यावर पूर्ण विसंबू नये, कारण त्यात पंधरा-वीस अंशांचा फरक असणे नेहमीचे आहे. ओव्हनमध्ये टांगण्याचा साधा थर्मामीटर मधल्या जाळीवर लावला की खरा आकडा कळतो.

ओव्हन पुरता तापला की नाही, याची खूण सोपी आहे. दार पाच-सहा सेकंद उघडून बंद करावे. थर्मामीटरचा काटा दोन-तीन मिनिटांत जागेवर आला तर भिंती तापल्या आहेत. बराच वेळ खालीच राहिला तर अजून थांबावे लागेल.

दोन ट्रे एकमेकांवर सावली धरतात

घरगुती ओव्हनमध्ये रॉड वर आणि खाली असतात. एकच ट्रे मध्यभागी असला तर त्याला दोन्हीकडून धग मिळते. दोन ट्रे लावले की वरचा ट्रे खालच्या मालावर छपरासारखा येतो आणि वरच्या रॉडची धग अडवतो. तसाच खालचा ट्रे खालच्या रॉडची धग वरच्या ट्रेच्या तळापर्यंत पोहोचू देत नाही. दोन्ही ट्रेंना अर्धी-अर्धी आंच मिळते, आणि तीही उलट बाजूंनी. माल वेगळा निघण्याचे मूळ कारण हेच.

त्यात ट्रे भिंतीपासून भिंतीपर्यंत भरणारा असेल तर गरम हवेला वर-खाली फिरायला वाटच राहत नाही. ओव्हनसोबत मिळणारा मोठा ट्रे बहुधा असाच असतो. तो बाजूला ठेवून थोडे लहान ट्रे घ्यावेत आणि ते जाळीवर ठेवावेत. चारही बाजूंना किमान दोन बोटे जागा मोकळी राहिली पाहिजे. दोन्ही ट्रे एकाच धातूचे व एकाच रंगाचे असावेत, कारण काळा ट्रे उष्णता जास्त ओढतो आणि त्यातील माल तळाला लवकर लागतो.

उंचीचा हिशोब असा करावा. आतील उंचीचे तीन सारखे भाग करावेत. खालचा ट्रे एका भागावर, वरचा दुसऱ्या भागावर. उंची ३० सेंटिमीटर असेल तर प्रत्येक अंतर सुमारे १० सेंटिमीटर येते. हे अंतर सात-आठ सेंटिमीटरपेक्षा कमी होत असेल तर त्या ओव्हनमध्ये दोन ट्रे लावूच नयेत. लहान ओव्हनला हा नियम बहुधा एका ट्रेवरच थांबवतो.

जास्त तापणारी जागा पावाने शोधावी

वर-खाली फरकाशिवाय प्रत्येक ओव्हनमध्ये एखादा कोपरा जास्त तापतो. काचेच्या दाराकडची बाजू साधारणपणे थंड असते, मागची बाजू गरम. पंख्याचा ओव्हन असेल तर पंख्याच्या झोतातील बाजू पुढे धावते. पंख्याने फरक कमी होतो, पण पूर्ण मिटत नाही.

आपल्या ओव्हनची ही जागा शोधायला पांढऱ्या पावाचे स्लाइस पुरेसे आहेत. ओव्हन वर सांगितल्याप्रमाणे तापवून मधल्या जाळीवर स्लाइस एकमेकांलगत मांडावेत आणि १८० अंशांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावेत. काही स्लाइस तपकिरी होतील, काही पांढरे राहतील. त्याच क्रमाने ते ओट्यावर मांडावेत, म्हणजे ओव्हनचा नकाशाच समोर येतो. तो कागदावर काढून ओव्हनजवळ चिकटवावा. हा नकाशा एका ट्रेचा आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे; दोन ट्रे लावल्यावर त्यात वर सांगितलेल्या सावलीची भर पडते.

एका घाण्याचे उदाहरण

समजा ३५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, २०० ग्रॅम पिठीसाखर आणि २२० ग्रॅम तूप घेतले. २० ग्रॅमचा एक गोळा धरला तर सुमारे चाळीस नानखटाया होतात. प्रत्येक ट्रेवर चारच्या पाच ओळी, म्हणजे वीस. ट्रे थंड असावेत; मागील घाण्याच्या गरम ट्रेवर गोळे ठेवले की तूप तेथेच सुटू लागते.

ओव्हन १६५ अंशांवर पुरता तापवून दोन्ही ट्रे एकदम व झटपट आत सरकवावेत. एका ट्रेला जेथे बावीस मिनिटे लागतात, तेथे दोन ट्रेंना २६ ते २८ मिनिटे लागतात, कारण थंड पीठ दुप्पट आहे.

पहिली सतरा मिनिटे दार उघडू नये. त्यानंतर काचेतून पाहावे. वरची तुपाची चमक गेली असेल, तडे दिसत असतील आणि कडा उभ्या राहिल्या असतील तर ट्रे बदलण्याची वेळ झाली. आकार धरण्यापूर्वी ट्रे हलवला तर नानखटाई बसते. फार उशिरा हलवला तर करपायचे ते करपून गेलेले असते. एकूण वेळेचा दोन-तृतीयांश भाग हा योग्य मुक्काम आहे.

बदलताना दोन गोष्टी एकाच वेळी कराव्यात. वरचा ट्रे खाली आणि खालचा वर न्यावा. शिवाय दोन्ही ट्रे अर्धे फिरवावेत, म्हणजे मागची कड दाराकडे येईल. बरेच जण फक्त वर-खाली करतात. त्याने सावलीचा फरक भरून निघतो, पण मागच्या गरम कोपऱ्यातील माल मागेच राहतो. फिरवल्यावर खालच्या मागील कोपऱ्यातील नानखटाई वरच्या पुढील कोपऱ्यात येते, आणि दोन्ही फरक एकदम कमी होतात. हे काम वीस-तीस सेकंदांत उरकावे. मोजे हातात आणि ट्रे टेकवायला ओट्यावर जागा आधीच तयार असावी.

पंचविसाव्या मिनिटापासून एक नानखटाई उलटून तळ पाहावा. तळ फिकट सोनेरी झाला की माल तयार. ती गरम असताना मऊच लागते, थंड झाल्यावर खुसखुशीत होते. मऊ आहे म्हणून आणखी पाच मिनिटे ठेवणारे बरेच माल करपवतात. पुढील घाण्यापूर्वी दार बंद करून दिवा पुन्हा विझेपर्यंत थांबावे.

वेळेचा हिशोब

२४० नगांची ऑर्डर आहे असे धरू, म्हणजे बारा ट्रे. दार उघडणे व पुन्हा तापणे धरून एका ट्रेला २४ मिनिटे लागली तर एकेका ट्रेने चार तास ४८ मिनिटे जातात. जोडीने सहा घाणे, प्रत्येकी ३० मिनिटांचे, म्हणजे तीन तास. जवळजवळ पावणेदोन तासांची व तेवढ्या विजेची बचत होते. परंतु ट्रे न बदलता प्रत्येक जोडीतील आठ नग बिघडले तर ४८ नग, म्हणजे मालाचा पाचवा हिस्सा गेला. मैदा, तूप व साखरेचा तोटा त्या बचतीला गिळून टाकतो. ट्रे बदलून व फिरवूनही फरक राहत असेल तर त्या ओव्हनवर एकेक ट्रेच काढावा.

बिघडलेले नग डब्याच्या तळाला आणि सोनेरी नग वर, हा मार्ग मात्र आपला नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणारा आमच्यापैकी नव्हे असे सुनावले, ही हदीस आपल्याला ठाऊक आहे. करपलेला किंवा फिकट माल वेगळा काढून, तसे सांगून, कमी भावात द्यावा. ट्रे वेळेवर बदलला तर असा माल फारसा उरणारही नाही, इन्शाअल्लाह.