तास तेच, वेळ वेगळी

प्रश्न : मी पनवेलहून फोर्टला नोकरीला जाते. ऑफिस १० ते ६.३०. घरी पोहोचेपर्यंत पाळणाघर बंद होतं. वेळ बदलून मागितली तर पगार कापतील का?
– एक वाचक, नवीन पनवेल

उत्तर : ताई, तुम्ही तास कमी करून मागत नाही, नुसती वेळ अलीकडे घेताय. मग पगार कापायचं कारण नाही. साहेबांची संमती मात्र हवी. अर्जात नेमकं लिहा : ‘सोमवार ते गुरुवार ८ ते ४.३०, शुक्रवारी बैठकीसाठी १० ते ६.३०; सहा आठवडे प्रायोगिक.’ साडेचारनंतर आलेलं काम कोण पाहील, तेही त्या सहकाऱ्याला विचारून नावानिशी लिहा. नकार बहुधा तिथेच येतो. तिसऱ्या आठवड्यात स्वतःहून साहेबांना भेटा, काही अडलंय का विचारा. होकार ईमेलवर घ्या आणि हजेरीच्या यंत्रातली वेळ बदलून घ्या, नाहीतर रोज ‘लवकर गेल्या’ अशी नोंद पडेल आणि पगार खरंच कापला जाईल.