कुठल्या पोस्टचं गिऱ्हाईक?

सोलापुरातलं एखादं इरकल साड्यांचं दुकान डोळ्यांसमोर आणा. इन्स्टाग्रामवर रील पडते, व्हॉट्सॅप स्टेटसला रोज नव्या साड्यांचे फोटो जातात, फेसबुकवर खरेदी करून गेलेल्या बायकांचे हसरे फोटो लागतात. संध्याकाळी गल्ल्यात पैसेही असतात. पण यातले किती रुपये कुठल्या पोस्टने आणले, हे मालकाला विचारलं तर तो व्ह्यूजचा आकडा सांगतो. साडी पदर उलगडून पाहिल्याशिवाय विकली जात नाही, आणि दुकानात आलेलं माणूस मोबाइलवर काय पाहून आलं ते बिलावर उमटत नाही. ते बिलावर उमटवायची ही कृती आहे. नवरात्राच्या साधारण तीन आठवडे आधी सुरू केली, तर सणाच्या ऐन गर्दीत काय दाखवायचं ते ठरवता येतं.

आधी सवलत ठरवा. गिऱ्हाइकाने स्वतःहून तोंडाने मागावी इतकी ती हवीशी असली पाहिजे, पण दुकानाला फारशी महाग पडता कामा नये. साडीच्या दुकानात फॉल-पिको मोफत ही सर्वांत बरी. दुकानाला तिचा खर्च ठरलेला असतो, गिऱ्हाइकाचा एक हेलपाटा वाचतो आणि साडीचा भाव पडत नाही. रुपयांतच सूट द्यायची असेल तर ती बिलावर वेगळी दाखवा. विक्रीच्या वेळी दिलेली आणि बिलावर नोंदलेली सूट जीएसटीच्या करपात्र किमतीतून वजा होते. हातावर परत दिलेले शंभर रुपये होत नाहीत. एक मात्र पाळा: सगळ्या पोस्टना सवलत एकच. एका पोस्टला फॉल-पिको आणि दुसरीला दहा टक्के दिले, तर मोजलं जाईल ते सवलतीचं आकर्षण. पोस्टबद्दल काहीच कळणार नाही.

मग कोड. ऑनलाइन दुकानांची IRK10X सारखी अक्षरं काउंटरवर कामाची नाहीत. गर्दीत, पंख्याच्या आवाजात, शून्य की ओ यावरच बोलणं अडतं. तोंडी सांगता येईल असा साधा मराठी शब्द घ्या आणि प्रत्येक पोस्टला वेगळा द्या. मात्र तो साडीशी संबंधित नको. ‘मोरपंखी’ हा कोड ठेवलात, तर मोरपंखी रंग मागायला आलेली प्रत्येक बाई नकळत कोड सांगून जाईल. रानमेव्यातली नावं घ्यावीत: करवंद, जांभूळ, सीताफळ. नुसता रंग म्हणून ‘जांभळा’ मागितला जातो, ‘जांभूळ’ असं कुणी म्हणत नाही. तरी शंका असेल तर तोही टाळा. शब्द पोस्टच्या मजकुरात तर लिहाच, पण चित्रावरही लिहा, कारण लोक मजकूर वाचत नाहीत, स्क्रीनशॉट काढतात.

आता लिंक. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांना वेबसाइट नसते, पण व्हॉट्सॅप असतं, आणि या कामाला ते पुरतं. व्हॉट्सॅपची लिंक अशी करता येते की ती दाबली की दुकानाच्या नंबरला जाणारा संदेश आधीच लिहिलेला येतो. गिऱ्हाइकाने फक्त पाठवायचा. त्या संदेशातच पोस्टचा शब्द घाला:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=KARVAND%20sadi%20aahe%20ka
```

नंबराआधी 91 हवा, अधिकचं चिन्ह किंवा शून्य नको, आणि मोकळ्या जागेसाठी `%20`. प्रत्येक पोस्टला शब्द बदलून नवी लिंक. आठवड्याच्या शेवटी व्हॉट्सॅपच्या शोधात KARVAND टाकलं की त्या पोस्टवरून कोण कोण बोललं ते समोर येतं. ही लिंक किती वेळा दाबली गेली हेही हवं असेल तर ती लिंक छोटी करणाऱ्या सेवेतून फिरवा, पण त्या आकड्यावर फार विसंबू नका. त्यात लिंकची झलक दाखवण्यासाठी आलेले यंत्रांचे फेरेही मिसळू शकतात. आलेला संदेश मात्र माणसानेच पाठवलेला असतो. वेबसाइट असेल तर तिच्या लिंकच्या शेपटीला पोस्टचा शब्द लावा आणि सगळं लहान लिपीत लिहा, कारण गूगल ॲनालिटिक्स Instagram आणि instagram हे दोन वेगळे धरतं:

```
?utm_source=instagram&utm_medium=story&utm_campaign=navratri&utm_content=karvand
```

इथे इन्स्टाग्रामची एक अडचण येते. रीलच्या मजकुरात लिहिलेली लिंक दाबता येत नाही. लिंक चालते ती स्टोरीच्या स्टिकरवर किंवा प्रोफाइलवर. प्रोफाइलवरची लिंक कुठलीही रील पाहून आलेला माणूस दाबतो, म्हणून तिला कुठल्याच पोस्टचा शब्द देऊ नका. तिचा शब्द वेगळा ठेवा, समजा ‘आवळा’. रीलचा हिशेब मुख्यतः तोंडी कोडवरच चालेल, आणि रील स्टोरीला पुन्हा लावताना स्टिकरमध्ये तिची स्वतःची लिंक द्या.

यानंतरचं काम काउंटरवरचं, आणि कृती फसते ती बहुधा तिथेच. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये शेरा लिहायची जागा असते, टॅलीत ती Narration नावाने दिसते. कोड तिथे, त्याच बिलावर, पैसे घेण्याआधी लिहिला गेला पाहिजे. वहीत नंतर लिहू म्हटलं की शनिवारी संध्याकाळी कुणीच लिहीत नाही. शब्दापुढे एक अक्षर आणखी: जुनं गिऱ्हाईक असेल तर ‘जु’, नवं असेल तर ‘न’. काउंटरवरच्या माणसाला ते चेहऱ्यावरून कळतं, त्यासाठी मोबाइल नंबर मागत बसायची गरज नाही.

काउंटरवरच्याने ‘कोड आहे का?’ असं विचारायचं नाही. विचारलं की मागे उभी असलेली बाईसुद्धा ‘कसला कोड?’ म्हणते, आणि तिला नाही म्हणणं दुकानदाराच्या जिवावर येतं. गिऱ्हाइकाने आपणहून सांगितला तरच लिहायचा. ‘त्या रीलमध्ये होतं ना काहीतरी, फॉल-पिकोचं’ असं कुणी म्हटलं, तर शब्दांची यादी वाचून दाखवायची नाही. फॉल-पिको द्या आणि शेऱ्यात ‘विसरले’ लिहा. यादी वाचली की माणूस पहिला शब्द उचलतो आणि पहिल्या पोस्टचं नशीब फुकट उजळतं.

गळती दुकानाच्या आतूनही होते. सेल्समन सौदा जुळवायला स्वतःच गिऱ्हाइकाच्या कानात शब्द सांगतो. यात त्याचा दोष तरी काय म्हणावा, त्याचं कामच विकणं आहे. पण आकडे नासतात. हे ओळखायला काउंटरच्या यादीत एक असा शब्द ठेवा जो कुठल्याच पोस्टमध्ये नाही, समजा ‘चिंच’. बिलावर चिंच दिसली की शब्द बाहेरून आलेला नाही हे नक्की. पोस्ट पडण्याआधीच तिचा शब्द बिलावर आला, किंवा एकाच माणसाच्या हातून सगळी कोडची बिलं झाली, तर तेच समजायचं.

तरीही बरेच जण पोस्ट पाहून येतील आणि शब्द सांगणारच नाहीत. त्यांचा अंदाज घ्यायला आठवड्यातले दोन दिवस निवडा, एक मंदीचा आणि एक गर्दीचा. त्या दिवशी बिल हातात दिल्यावर, आधी नाही, कोड न सांगितलेल्या प्रत्येकाला विचारा: ‘आमचं मोबाइलवर काही पाहिलं होतं का?’ हो किंवा नाही, एवढीच रेघ ओढा.

आता तीन आठवड्यांचा हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेत. करवंद ही रील होती, मागावर इरकल विणताना दाखवणारी. ती बनवायला 3,000 रुपये गेले. तिच्यावरून 31 संदेश आले, बिलं 4 झाली, विक्री 9,600. जांभूळ म्हणजे व्हॉट्सॅप स्टेटसला किमतीसकट लावलेला साधा फोटो: 22 संदेश, 11 बिलं, 24,200 रुपये. सीताफळ म्हणजे फेसबुकवरचे गिऱ्हाइकांचे फोटो: 6 संदेश, 5 बिलं, 31,000 रुपये.

नुसती विक्री पाहिली तर सीताफळ पहिलं येतं. पण त्यातलं एक बिल लग्नाच्या बस्त्याचं, 22,000 चं आहे. ते बाजूला ठेवलं की उरतात चार बिलं आणि 9,000 रुपये. बस्ता पोस्टवरून ठरत नाही, घरात ठरतो. म्हणून आधी बिलांची संख्या पाहावी, मग रक्कम, आणि सर्वांत मोठं बिल वगळून एकदा पुन्हा बेरीज करावी.

जांभूळचा फायदा काढू. साडीवर तीस टक्के सुटतात असं धरलं तर 24,200 वर 7,260. अकरा फॉल-पिकोचे प्रत्येकी शंभर प्रमाणे 1,100 गेले, उरले 6,160. छान दिसतं. पण शेऱ्यातली अक्षरं पाहिली तर अकरापैकी आठ ‘जु’ आहेत. दुकानाचा नंबर ज्यांच्याकडे आधीपासून आहे तेच स्टेटस पाहतात, आणि त्यातल्या काही जणी नवरात्रात तशाही आल्या असत्या. किती, ते कोड सांगू शकत नाही. याउलट करवंदचे 2,880 मधून फॉल-पिकोचे 400 आणि रीलचे 3,000 वजा केले की 520 रुपयांचा तोटा होतो, पण चारपैकी तीन गिऱ्हाइकं नवी. चार बिलांवर रील बंद करू नये आणि डोक्यावरही घेऊ नये. एवढ्या थोड्या बिलांत एखादी मैत्रीण सोबत आली तरी निकाल फिरतो. प्रत्येक प्रकारच्या दोन-तीन पोस्ट होऊन निदान वीस-पंचवीस बिलं जमेपर्यंत मी तरी निर्णय घेणार नाही.

31 संदेश आणि 4 बिलं यांतलं अंतर मात्र लगेच तपासण्यासारखं आहे. व्हॉट्सॅपमध्ये ती संभाषणं उघडून वाचा. बहुतेक वेळा दिसतं ते असं: ‘किंमत?’ विचारलं, उत्तर दुसऱ्या दिवशी गेलं. किंवा रीलमधली साडी दुकानात शिल्लकच नव्हती. यात दोष पोस्टचा नाही.

विचारण्याच्या दिवसांची रेघ शेवटी. समजा त्या दिवशी कोडची बिलं 4 होती आणि बाकी चाळीसपैकी 6 जणांनी ‘हो, पाहिलं होतं’ म्हटलं. म्हणजे कोड सांगणाऱ्या चौघांमागे न सांगणारे सहा. त्या हिशेबाने वीस कोडच्या बिलांमागे एकूण पन्नासच्या आसपास बिलांना पोस्टचा हात लागला असावा. हा गुणाकार एकूण आकड्यालाच लावा, एकेका पोस्टला नको, कारण रील पाहणारे शब्द जास्त विसरतात की स्टेटस पाहणारे, हे त्या रेघेवरून कळत नाही.

मुदतीबद्दल एक. पोस्टवर सवलतीची तारीख लिहिली तरी काउंटरवर शब्द आणखी महिनाभर चालू द्या. साडी आज आवडते आणि पगार झाल्यावर घेतली जाते. प्रत्येक पोस्टचा हिशेब ती पडल्यापासून सारख्याच दिवसांचा धरा, नाहीतर जुनी पोस्ट कायम पुढे दिसेल. वापरलेला शब्द पुढच्या सणाला पुन्हा काढू नका. कुणाच्या तरी गॅलरीत जुना स्क्रीनशॉट असतोच, आणि तो घेऊन ती बाई संक्रांतीला येते. तिला फॉल-पिको द्या, बिलावर तोच जुना शब्द लिहा.