कापरं भात्याच्या हातात

१. थरथर कुठल्या हातात आहे, ते आधी पाहावं. आमच्या वाडीच्या गणेशोत्सवात माझ्याकडे शिकणारी सातवीतली मुलगी पहिल्यांदाच चारचौघांत पेटी वाजवणार होती. मांडवामागे ती म्हणाली, "काका, बोटं ऐकतच नाहीत." मी म्हटलं, "नुसता सा धरून ठेव." बोट पट्टीवर घट्ट होतं, तरी सूर मध्येच फुगायचा, मध्येच बसायचा. कापरं भरलं होतं ते डाव्या हाताला. माणूस घाबरला की भाता आखूड आणि झटक्याने मारतो. हवेचा दाब कमीजास्त होतो आणि तेच लोकांना ऐकू येतं. पेटीच्या पोटात हवा साठवणारा आणखी एक भाता असतो. तो भरलेला राहिला, तर बाहेरून संथ दाब पुरतो. "भाता पूर्ण उघड, सावकाश मिट, बाकी काही वाजवू नकोस," एवढंच मी सांगितलं. सूर सपाट लागू लागला तसे तिचे खांदे खाली आले, आणि बोटंही मोकळी झाली.

२. पेटी मंडळाची असेल तर एकेक पट्टी दाबून पाहावी. भाद्रपदातल्या दमट हवेत लाकूड फुगतं आणि पट्टी दाबली की वर यायला कुरकुरते. त्या दिवशी नेमकी काळी पाच अडकत होती. मुलगी वाजवणार होती भूप, काळी एकपासून. म्हणजे काळी पाच हा तिचा धैवत, भूपात पावलोपावली लागणारा. सा बदलणं शक्य नव्हतं, कारण तबला काळी एकला लावून झाला होता. पट्टी शेजारच्या पट्टीला घासत होती. फटीत पोस्टकार्ड घालून ते हळूहळू वरखाली केलं आणि ती सुटली. हा इलाज तात्पुरता. घासणारी बाजू नंतर कारागिराकडूनच नीट करून घ्यावी.

३. घाम पुसायला रुमाल मांडीवर हवा. काळी एकच्या भूपात गंधार तेवढा पांढरी चारवर, बाकी चारही सूर काळ्या पट्ट्यांवर. त्या अरुंद असतात, ओलं बोट कडेवरून घसरतं.

४. लय तबलजीशी आधी बोलून ठेवावी. भीतीने हात पळतो, आणि वाजवणाऱ्याला ते कळत नाही. आमचे तबलजी वयाने मोठे, समजूतदार. त्यांना विनंती केली, "मुखडा दोनदा वाजू दे, मग ठेका धरा." पहिल्या वेळी ती घाईतच आली. दुसऱ्या वेळी मुखडा जागेवर बसला, तेव्हा त्यांनी तीनताल धरला आणि तिच्या मागे न धावता तो तसाच ठेवला. दोन-तीन आवर्तनं ती समेच्या जरा आधी पोचत राहिली. मग तिने मान वळवून त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि पुढची सम दोघांनी मिळून गाठली.