अंदाजपत्रक मांडण्याआधी चार प्रश्न



दिवाळीच्या सुट्टीनंतर गुरुजींनी आम्हा सातवीच्या मुलांना 'कुटुंबाचे मासिक अंदाजपत्रक' हा पाठ शिकवला. जमेची बाजू, खर्चाची बाजू आणि शिल्लक, एवढे मला चांगले समजले. मी घरी जाऊन तसे सांगितलेही. ते शेजारच्या काकूंनी ऐकले. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "आरं बाळा, तू गणितात हुशार हाईस. मला बी एक महिन्याचा हिशेब मांडून दे की."

त्याचे पुढे काय झाले ते येथे लिहीत आहे. काकूंना विचारूनच लिहिले आहे, फक्त त्यांचे नाव घातलेले नाही.

मी त्याच रात्री वही काढली. जमा ₹१५,००० लिहिली. घरात माणसे चार धरली. निम्मे पैसे खाण्यापिण्याला दिले, बाकीचे लाईट, कपडे, दवाखाना यांना वाटले आणि शेवटी शिल्लक ₹३,००० काढली. सगळी बेरीज बरोबर आली. सकाळी मोठ्या ऐटीत वही काकूंना वाचून दाखवली. काकू हसल्या आणि म्हणाल्या, "ह्यो हिशेब तुमच्या घरचा हाय. आमच्यात पगार कुणाला हाय रं?"

खरेच होते. माझ्या वडिलांना दर महिन्याला पगार मिळतो आणि आम्ही घरात चौघे आहोत. काकूंनी मला काहीच आकडे दिले नव्हते. मीही विचारले नाहीत. रिकाम्या जागा मी आमच्या घरच्या आकड्यांनी भरल्या. गुरुजींना वही दाखवली तेव्हा ते म्हणाले, "बेरीज चुकली असती तर मी लाल रेघ मारली असती. पण इथे गणितच दुसऱ्याचे आहे. आधी चार गोष्टी विचारून ये: जमा किती, माणसे किती, न चुकणारा खर्च कोणता आणि शिल्लक कशासाठी व कधीपर्यंत हवी."

मग रविवारी मी काकूंच्या ओट्यावर वही घेऊन बसलो.

पहिला प्रश्न : जमा किती?

"महिन्याला किती येतात?" असे विचारले तर काकूंना सांगता येईना. "कधी येत्यात, कधी न्हाईत," एवढेच त्या म्हणाल्या. मग मी प्रश्न बदलला. "कुठून कुठून येतात?" असे विचारले. तेव्हा नीट समजले.

त्यांच्याकडे एक गाय आहे. रोज ८ लिटर दूध डेअरीला जाते आणि लिटरला ₹३० मिळतात. महिन्याचे ₹७,२०० झाले. पण डेअरी त्यातून पेंडेच्या दोन पोत्यांचे ₹२,८०० कापून घेते. म्हणजे हातात ₹४,४०० येतात. मी आधी ₹७,२०० च लिहिले होते. काकूंनी सांगितले म्हणून खोडले. काका गवंड्याच्या हाताखाली जातात, ₹५०० रोज. महिन्यात दहा दिवस धरले तर ₹५,०००. काकू खुरपायला जातात, ₹३०० रोज. आठ दिवसांचे ₹२,४००. सगळे मिळून ₹११,८०० होतात.

पण हा झाला चांगला महिना. असे महिने कार्तिकापासून चैत्रापर्यंत, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, सहा. मे, जून, सप्टेंबर आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत दूध किंवा काम कमी असते, तेव्हा सुमारे ₹८,३०० येतात. आणि जुलै-ऑगस्ट ओढीचे. पावसाने बांधकाम बंद पडते, काकांना सहाच दिवस काम मिळते. काकूंना खुरपणीचे दहा दिवस मिळतात. दोघांचे मिळून ₹६,०००. त्यातच यंदासारखी पुढच्या साली गाय आटलेली असणार. दूध नाही, पण गाभण गाईला पेंडेचे एक पोते लागतेच, त्याचे ₹१,४०० जातात. म्हणजे हातात फक्त ₹४,६००.

दुसरा प्रश्न : माणसे किती?

हा प्रश्न सोपा वाटला, पण तसा नव्हता. घरात जेवणारी माणसे पाच आहेत. काका, काकू, आजी, दहावीतली ताई आणि धाकटा बंडू. रेशनकार्डावर मात्र नावे चारच, कारण बंडूचे नाव अजून चढवलेले नाही. त्यांच्या कार्डावर माणशी ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणजे २५ च्या जागी २० किलोच घरी येते. बाकीचे धान्य दुकानातून आणावे लागते. मी नुसती कार्डावरची नावे मोजली असती तर किराणा कमी धरला गेला असता.

तिसरा प्रश्न : न चुकणारा खर्च कोणता?

जो खर्च महिना चांगला असो की ओढीचा, द्यावाच लागतो, तो आधी लिहायचा. बचत गटाचा गाईच्या कर्जाचा हप्ता आणि मासिक बचत मिळून ₹१,८५०. लाईटबिल ₹३५०. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या ₹४७५. मोबाईलचा रिचार्ज ₹३००.

येथे ताईने मला एक चूक दाखवली. त्यांचा रिचार्ज २८ दिवसांचा आहे, महिन्याचा नाही. म्हणून वर्षात तो १२ वेळा नव्हे तर १३ वेळा मारावा लागतो. ₹३,९०० भागिले १२, म्हणजे महिन्याला ₹३२५ धरायला हवेत. आठवडी बाजाराचेही तसेच. आपण महिन्याचे चार बाजार धरतो, पण वर्षात बाजार ५२ भरतात. ₹२५० चा बाजार धरला तर महिन्याला ₹१,००० नव्हे, सुमारे ₹१,१०० लागतात.

न चुकणारा खर्च ₹३,००० झाला. मग रोजचा खर्च लिहिला. गॅस ₹६००, किराणा ₹३,०००, बाजार ₹१,१०० आणि साबण, एसटीभाडे, दवाखाना यांना ₹७५०. हे झाले ₹५,४५०. शेवटी वर्षातून एकदा येणारे खर्च. दिवाळी, जूनमधल्या वह्या-गणवेश, गावची जत्रा आणि घरपट्टी मिळून ₹१०,२००. त्याचा बारावा भाग ₹८५०. हे पैसे दर महिन्याला वेगळ्या डब्यात टाकायचे, म्हणजे दिवाळीला धक्का बसत नाही.

एकूण खर्च ₹९,३००.

आता चांगल्या महिन्यात ११,८०० वजा ९,३००, म्हणजे ₹२,५०० उरायला हवेत. मी तसे सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "उरत न्हाई रं एक रुपया बी." मी बेरीज तीनदा तपासली. चूक सापडेना. मग काकूंनी देवळीतून दुकानाची उधारीची वही आणली. जुलै-ऑगस्टमध्ये दर महिन्याला ₹४,७०० कमी पडतात. दोन महिन्यांचे ₹९,४००. ते उधारीवर चालते आणि चांगल्या महिन्यांत फेडले जाते. हिशेब म्हणतो पैसे उरतात आणि डबा म्हणतो उरत नाहीत, तेव्हा काहीतरी लिहायचे राहिले आहे असे समजावे, हे मी तेव्हा शिकलो.

यंदा ती उधारी सोयाबीनच्या पैशातून फिटली. पुढच्या पेरणीच्या बी-खताचे पैसे बाजूला काढून ₹१०,००० घरात उरले आहेत.

चौथा प्रश्न : शिल्लक कशासाठी आणि कधीपर्यंत?

हा प्रश्न विचारल्यावर काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ताईला तालुक्याला अकरावीला घालायची हाय. वसतिगृहाचे बारा हजार जूनमधी भरायचं. आजी म्हनती, आता पुरं झालं शिक्षण. म्हनूनच तुला हिशेब मांडाय सांगितलं." ताई खाली मान घालून तांदूळ निवडत होती. तेव्हा मला कळले की हा हिशेब माझ्या वहीतल्या पाठासारखा नाही.

मग मी महिने ओळीने मांडले.

सोयाबीनचे उरलेले : ₹१०,०००
नोव्हेंबर ते एप्रिल, सहा महिने : अधिक ₹१५,०००
मे : वजा ₹१,०००. डब्यात ₹२४,०००
जून : वजा ₹१,०००, वसतिगृह वजा ₹१२,०००. डब्यात ₹११,०००
जुलै-ऑगस्ट : वजा ₹९,४००. डब्यात ₹१,६००
सप्टेंबर-ऑक्टोबर : वजा ₹२,०००

शेवटी ₹४०० कमी पडले.

मे महिन्यात डब्यात ₹२४,००० दिसतात. तेव्हा कोणालाही वाटेल की पुष्कळ आहेत. काकांच्या मनात जुनी मोटारसायकल घ्यायचे होते, ते त्याच महिन्यात घेतली असती. पण त्या पैशातले ₹१२,४०० जून ते ऑक्टोबरच्या तुटीचे आहेत. ते आले कधी यापेक्षा ते कोणत्या महिन्यासाठी आहेत हे पाहायचे. काका ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचून गेले. "गाडीचं ऱ्हाऊ द्या," म्हणाले.

राहिले ₹४००. मी म्हणालो, "बाजार थोडा कमी करू." काकू म्हणाल्या, "आजीच्या नि पोरांच्या ताटातलं कमी करू नगंस. आनि कुणी आजारी पडलं तर?" ते बरोबर होते. असा काठोकाठ हिशेब एका तापाने मोडतो.

मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "रक्कम कमी होत नसेल तर तारीख बदलते का ते बघा." काका तालुक्याला जाऊन वसतिगृहात विचारून आले. निम्मे जूनमध्ये आणि निम्मे दिवाळीनंतर भरले तरी चालेल असे तेथे सांगितले. मी ओळी पुन्हा मांडल्या. जूनमध्ये ₹६,००० भरल्यावर डब्यात ₹१७,००० राहतात, ऑगस्टअखेर ₹७,६०० आणि ऑक्टोबरअखेर ₹५,६००. दुसरा हप्ता येतो तोवर नवे सोयाबीन घरात आलेले असते. मध्ये कोणी आजारी पडले तरी दुकानाची वही उघडावी लागणार नाही.

एक मर्यादा मात्र लिहून ठेवतो. सोयाबीन गेले किंवा गाईला काही झाले, तर हे आकडे टिकणार नाहीत. म्हणून दर महिन्याच्या शेवटी डब्यातले पैसे मोजून वहीतल्या आकड्याशी ताडून पाहायचे ठरले आहे. ते काम ताईने घेतले आहे. नोव्हेंबरअखेर ₹१२,५०० असायला हवे होते, ₹१२,३८० निघाले. कमी पडलेले ₹१२० बंडूच्या चपलेचे होते. वर्षाच्या खर्चात कपडे धरले होते, चपला धरल्याच नव्हत्या.

काकूंनी बंडूचे नाव रेशनकार्डावर चढवण्याचा अर्जही दिला आहे. आणि आजीने ताईला स्वतःची जुनी पत्र्याची ट्रंक पुसून ठेवायला सांगितली आहे.

– इयत्ता ७ वी