तिमाहीचा अहवाल संचालक मंडळापुढे मांडताना



आपली कित्येक मुले-मुली आज नागरी बँकांत व पतसंस्थांत अधिकारी आहेत. दर तीन महिन्यांनी संचालक मंडळापुढे उभे राहून शाखेचा हिशेब सांगण्याची पाळी त्यांच्यावर येते. त्या दहा मिनिटांची तयारी कशी करावी, एवढाच या लेखाचा विषय आहे. आपल्या जिल्ह्याने याची किंमत जवळून पाहिली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला, आणि ठेव-विम्याची मर्यादा पाच लाखांची असल्याने त्यापुढच्या रकमेची चिंता ठेवीदारांच्या वाट्याला आली. थकबाकीचा खरा आकडा मंडळापुढे वेळेवर येणे का आवश्यक आहे, हे वेगळे सांगायला नको.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते कल्पिलेले आहेत. मार्चअखेर एका शाखेचे कर्ज १२ कोटी होते आणि त्यात थकीत, म्हणजे एनपीए, ६० लाख. प्रमाण ५ टक्के. जूनअखेर कर्ज १४ कोटी व एनपीए ६३ लाख झाले, प्रमाण ४.५ टक्के. नवशिका अधिकारी आनंदाने सांगेल, "एनपीए अर्ध्या टक्क्याने घटला." पण रक्कम तीन लाखांनी वाढली आहे. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला तरच खाते एनपीए होते. म्हणून याच तिमाहीत दिलेले दोन कोटींचे नवे कर्ज इतक्यात एनपीए होणारच नाही. ते फक्त भागाकारातला भाजक मोठा करते. जुन्या १२ कोटींवर मोजले तर प्रमाण ५.२५ टक्के भरते. ही गोष्ट संचालकांनी विचारण्याआधी आपणच पहिल्या वाक्यात सांगावी: "टक्का घटला असला तरी थकीत रक्कम तीन लाखांनी वाढली आहे."

त्यानंतर एकच जुळणी दाखवावी. सुरुवातीला ६० लाख, त्यात नव्याने थकले १५ लाख, वसूल होऊन कमी झाले १२ लाख, शिल्लक ६३ लाख. ही बेरीज खतावणीशी जुळली नाही तर बैठकीत जाऊच नये, कारण एक आकडा चुकीचा निघाला की बाकीच्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही.

मग कारण. समजा १५ लाखांपैकी ११ लाख ऊस वाहतुकीच्या वाहनांचे आहेत. आपल्याकडे गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. हंगाम सरत आला की भाडे आटते आणि मार्चमध्ये थकलेला हप्ता जूनअखेर ९० दिवस ओलांडतो. म्हणूनच जूनची तुलना मार्चशी करून भागत नाही. गेल्या वर्षीच्या जूनचा आकडाही शेजारी हवा. उरलेले चार लाख एका दुकानाचे. मंजुरीनंतर तेथे पाहणीच झाली नव्हती. ही आपली चूक. ती तशीच सांगावी.

शेवटी मंडळाकडून हवा असलेला निर्णय मागावा: यापुढच्या वाहन कर्जांचे हप्ते हंगामात मोठे व पावसाळ्यात लहान ठेवण्याची मंजुरी. आधीच दिलेल्या कर्जांचे हप्ते बदलणे म्हणजे पुनर्रचना. तिचे नियम वेगळे आहेत, म्हणून मागणी नव्या कर्जांपुरतीच ठेवावी.

आता प्रश्न. बैठकीआधी आम्ही एका कागदावर, आपल्याला ज्यांची भीती वाटते तेच प्रश्न लिहून काढतो आणि दुसऱ्या शाखेतील सहकाऱ्याला ते विचारायला लावतो. वरील उदाहरणात दोन प्रश्न सर्वांत अवघड आहेत.

पहिला: "गेल्या जूनलाही ११ लाख याच कारणाने थकले होते. मग वर्षभर तुम्ही काय केले?" हंगामाचे कारण एकदाच चालते. प्रामाणिक उत्तर असे की, हप्ते तेच ठेवले म्हणून निकालही तोच आला. यासाठीच आज निर्णय मागत आहोत.

दुसरा: "वसूल झालेल्या १२ लाखांत खरा पैसा किती?" यासाठी प्रत्येक खात्यापुढे तारीख व पैसा कोठून आला हे लिहिलेली यादी हाताशी असावी. वसुली झाली त्याच आठवड्यात त्याच घरात नवे कर्ज गेले असेल, तर ती वसुली नव्हे, जुनी थकबाकी नव्या नावाने पुढे ढकललेली आहे. अशी खाती बैठकीआधीच शोधून १२ लाखांतून वेगळी दाखवावीत.

उत्तर देताना आधी आकडा, मग कारण, मग पुढचे पाऊल, आणि तेथेच थांबावे. एखादा आकडा जवळ नसेल तर अंदाज सांगू नये. "शुक्रवारपर्यंत लेखी देतो" म्हणावे आणि शुक्रवारी द्यावे. अंदाजाने सांगितलेला आकडा इतिवृत्तात जातो आणि पुढच्या तिमाहीत तोच आपल्यापुढे प्रश्न म्हणून येतो.