इंजेक्शनच्या गाडीला महागडं पेट्रोल लागतं का?

प्रश्न : माझी २०१२ची १०० सीसी मोटारसायकल कार्ब्युरेटरची आहे, मुलाने नवी, इंजेक्शनवाली घेतली. इंजेक्शनला प्रीमियम पेट्रोलच हवं, जुनीला काहीही चालतं, असं म्हणतात. खरं का? जुनी मात्र पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली की सुरू होत नाही.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : काका, प्रीमियमचे पैसे वाचवा. किती ऑक्टेनचं पेट्रोल हवं, हे इंजिनाच्या कॉम्प्रेशनवर ठरतं. मुलाच्या गाडीच्या पुस्तिकेत साधं पेट्रोल लिहिलं असेल, तर तेच भरा.

उलट त्रास जुनीलाच जास्त. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्याला जाळायला हवा कमी लागते. नव्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरच्या जेटचं भोक ठरलेलं, त्यामुळे मिश्रण पातळ होतं. चोक ओढल्यावरच गाडी नीट चालत असेल, तर हे एक कारण असू शकतं. मेकॅनिककडून मिश्रणाचा स्क्रू लावून घ्या.

उभ्या गाडीत कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून चिकट थर उरतो आणि स्लो जेट बुजतो. इथेनॉल ओलावाही ओढतं. म्हणून गाडी ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीचा ड्रेन स्क्रू सोडा, पेट्रोल भांड्यात काढा. इंजिन थंड हवं, जवळ विडी-काडी नको. टाकी भरलेली ठेवा.

मुलाला एवढंच सांगा : पाणी किंवा कचरा सेन्सरला सुधारता येत नाही. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे सतत रिझर्व्हवर गाडी चालवू नये.