पेढीबाहेर असताना ई-मेलला आपोआप जाणारे उत्तर

डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्यातील चिकूचे व्यापारी, डहाणूतील फुगे बनविणारे कारखानदार, चिंचणीचे डायमेकर आणि तलासरीचे ट्रान्सपोर्टवाले यांच्याकडे आता बाहेरगावच्या चौकशा ई-मेलने येतात. मालक आठ-दहा दिवस गावाला गेला तर दुकानाच्या दारावर पाटी लागते. पण दिल्लीच्या किंवा दुबईच्या गिऱ्हाइकाला ती पाटी दिसत नाही. त्याच्यासाठी ई-मेलमध्येच सोय आहे. आलेल्या पत्राला आपल्या गैरहजेरीत यंत्र आपण आधी लिहून ठेवलेले उत्तर धाडते. हे उत्तर कसे लिहावे आणि त्यात काय लिहू नये, याचा या अंकात आम्ही विचार करीत आहोत.

एक उदाहरण

समजा, घोलवडचा एक चिकू व्यापारी शनिवार, 24 जानेवारी 2026 रोजी कुटुंबासह लग्नाला निघतो आणि रविवार, 1 फेब्रुवारीला रात्री घरी पोहोचतो. निघायच्या घाईत तो असे उत्तर लिहून ठेवतो:

“आजपासून नऊ दिवस मी सहकुटुंब भाच्याच्या लग्नासाठी हैदराबादला आहे. घरी कोणी नाही. फोन बहुधा लागणार नाही. पेमेंटचे काम असल्यास आमच्या अकाउंटंटच्या खासगी मोबाईलवर बोला. आल्यावर उत्तर देतो.”

मजकूर नम्र आहे, खरा आहे, पण गिऱ्हाइकाच्या उपयोगाचा नाही आणि पेढीला धोक्याचा आहे. का ते पाहू.

तारीख कोणती द्यावी

“आजपासून नऊ दिवस” यातला “आज” कोणता, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ज्याने 29 तारखेला पत्र लिहिले त्याला उत्तर 29 तारखेला मिळाले. तो तिथून नऊ दिवस मोजेल आणि 7 फेब्रुवारीपर्यंत थांबेल किंवा दुसऱ्या पेढीकडे जाईल. म्हणून दिवस मोजून न देता वार आणि तारीख द्यावी. महिना अक्षरांत लिहावा. 2/3 असे लिहिले तर आपल्याकडे 2 मार्च, पण अमेरिकेतला माणूस 3 फेब्रुवारी वाचतो.

दुसरी गोष्ट, तारीख घरी पोहोचण्याची नको, पत्रांना उत्तर देण्याची हवी. आपला व्यापारी रविवारी रात्री पोहोचणार, म्हणजे टेबलावर बसणार सोमवारी. तेव्हा “सोमवार, 2 फेब्रुवारी” हीच तारीख द्यावी. आठवड्याची पत्रे साचली असतील असा अंदाज असेल तर आणखी एक दिवस पुढचा द्यावा. दिलेल्या तारखेआधी उत्तर गेले तर कोणी तक्रार करीत नाही, नंतर गेले तर करतात. ईदसारखी चंद्रदर्शनावर ठरणारी सुटी मध्ये असेल तर दोन्ही शक्यतांपैकी उशिराची तारीख धरावी. “चंद्र दिसल्यास अमुक, नाहीतर तमुक” असा हिशेब परगावच्या गिऱ्हाइकावर सोडू नये.

पर्यायी माणूस कोण

चिकू झाडावरून उतरवल्यावर साधारण आठवड्याभरात पिकतो. गिऱ्हाइकाला 26 जानेवारीला पन्नास पेट्या हव्या असतील तर 2 फेब्रुवारी ही तारीख त्याच्या काही कामाची नाही. त्याला आजच होय किंवा नाही सांगणारा माणूस हवा. म्हणून पर्यायी संपर्क म्हणजे नुसता फोन उचलणारा नव्हे. त्याला भाव सांगण्याचा आणि माल रवाना करण्याचा अधिकार असला पाहिजे.

निघण्याआधी त्या माणसाशी तीन गोष्टी बोलून घ्याव्यात. एक, किती पेट्यांपर्यंतची ऑर्डर तो स्वतः घेऊ शकतो. दोन, भावात किती रुपयांपर्यंत खालीवर करू शकतो. तीन, कोणत्या गोष्टीला तो मालक येईपर्यंत हात लावणार नाही. त्याला विचारल्याशिवाय त्याचा नंबर उत्तरात घालू नये. शक्यतो नंबर पेढीचा द्यावा, खासगी नको, आणि बोलण्याची वेळही द्यावी. तो माणूसही त्याच दिवसांत रजेवर नाही ना, हे पाहावे. नाहीतर आपले उत्तर गिऱ्हाइकाला त्याच्याकडे पाठविते आणि त्याचे उत्तर परत आपल्याकडे.

तलासरीच्या ट्रान्सपोर्टवाल्याची गरज थोडी वेगळी आहे. राष्ट्रीय महामार्ग 48 वर आच्छाडच्या हद्दीजवळ गाडी बिघडून थांबली आणि ई-वे बिलाची मुदत संपत आली, तर ती मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच वाढवून घेता येते. इथे पर्यायी माणसाकडे पोर्टलवर काम करण्याची सोय हवी. त्यासाठी आपला पासवर्ड देऊ नये. पोर्टलवर त्याच्या नावाने वेगळा उपवापरकर्ता तयार करता येतो, तो निघण्याआधीच करून ठेवावा. अशा कामाला संपर्क फोनचाच द्यावा, कारण रात्री दोन वाजता ड्रायव्हरच्या अडचणीचे पत्र कोणी उघडत नाही.

जास्त सांगितल्याने काय होते

हे उत्तर फक्त ओळखीच्या गिऱ्हाइकाला जात नाही. जो कोणी पत्र पाठवील त्याला ते जाते, आणि पाठविणाऱ्यात लबाड माणूसही असू शकतो. “घरी कोणी नाही” हे वाक्य चोराला आमंत्रण आहे, हे सांगायला नको. पण व्यापाऱ्याला त्याहून मोठा धोका दुसऱ्या वाक्यात आहे.

वरच्या उत्तरातून अनोळखी माणसाला चार गोष्टी एकदम कळल्या: मालक नऊ दिवस बाहेर आहे, त्याचा फोन लागत नाही, पैशाचे काम अकाउंटंट पाहतो, आणि त्याचा मोबाईल अमुक आहे. आता तो मालकाच्या नावाशी मिळतेजुळते ई-मेल खाते काढतो आणि अकाउंटंटला लिहितो: “मी लग्नात आहे, बोलता येत नाही. खोके पुरविणाऱ्याचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, आज संध्याकाळपर्यंत नव्या खात्यावर पैसे भरा.” अकाउंटंटला सगळे पटते, कारण मालक खरोखर लग्नात आहे आणि फोन खरोखर लागत नाही. ही फसवणूक जगभर चालते, आणि तिला लागणारी माहिती बऱ्याचदा माणसाने स्वतःच दिलेली असते.

म्हणून कारण, गाव, सोबत कोण, फोन लागेल की नाही, आणि पैसे कोण पाहतो, या पाच गोष्टी उत्तरात येऊ देऊ नयेत. अकाउंटंटला मात्र तोंडी सांगून जावे की, खाते क्रमांक बदलल्याचे पत्र कोणाच्याही नावाने आले तरी मालाच्या जुन्या बिलावर असलेल्या नंबरवर फोन करून खात्री होईपर्यंत रक्कम सोडायची नाही. इतके करूनही पैसे गेलेच, तर ताबडतोब बँकेला आणि 1930 या मदत क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत अडविणे अवघड.

सुधारलेले उत्तर

आता तोच व्यापारी असे लिहील:

विषय: कार्यालयाबाहेर, उत्तर सोमवार 2 फेब्रुवारी 2026 रोजी

“आपले पत्र मिळाले. मी कार्यालयाबाहेर असून सोमवार, 2 फेब्रुवारी 2026 रोजी आपल्याला उत्तर देईन. त्याआधी माल किंवा गाडीसंबंधी काम असल्यास (नाव), पेढीचा मोबाईल (क्रमांक), सकाळी 9 ते संध्याकाळी 7, यांच्याशी बोलावे.”

खाली पेढीचे नाव, आणि संपले. परप्रांतातील गिऱ्हाइकांसाठी हाच मजकूर खाली हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा. तारीख विषयाच्या ओळीतच दिल्यामुळे पत्र न उघडताही ती दिसते. “तातडीचे काम असल्यास” असे न लिहिता “माल किंवा गाडीसंबंधी” असे लिहिले आहे, कारण प्रत्येकाला आपले काम तातडीचेच वाटते.

यंत्रात कसे भरावे

जीमेल वापरणाऱ्यांनी संगणकावर वर उजवीकडील चाकाच्या चिन्हावर जाऊन See all settings उघडावे. General या पानावर खाली Vacation responder आहे. तिथे Vacation responder on निवडावे. First day मध्ये 24 जानेवारी भरावी. Last day मध्ये 1 फेब्रुवारी भरावी, 2 नव्हे, कारण शेवटच्या दिवशी रात्री 11:59 पर्यंत उत्तर चालू राहते. Last day रिकामी ठेवली तर आपण बंद करीपर्यंत ते चालूच राहते, आणि मार्चमध्ये लिहिणाऱ्यालाही “2 फेब्रुवारीला उत्तर देईन” असे जाते. मग विषय आणि मजकूर भरून Save Changes दाबावे.

तिथेच Only send a response to people in my Contacts अशी एक चौकट आहे. ती निवडल्यास उत्तर फक्त नोंदवलेल्या ओळखीच्या लोकांना जाते. धोका कमी होतो, पण नव्या गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. ज्याचा धंदा नव्या चौकशांवर चालतो त्याने ती मोकळी ठेवावी, आणि मग मजकूर अनोळखी माणसाने वाचला तरी चालेल असाच हवा.

निघण्याआधी तपासणी करावी. उत्तर First day पासूनच जात असल्याने तपासणीपुरती ती तारीख आजची ठेवावी, घरातल्या दुसऱ्या खात्यावरून एक पत्र पाठवावे आणि नंतर खरी तारीख भरावी. उत्तर आले नाही तर तारखा आणि वरची चौकट पाहावी. त्याच खात्यावरून लगेच दुसरे पत्र पाठविले तर उत्तर येत नाही. यात बिघाड नाही. एका माणसाला चार दिवसांत एकदाच उत्तर जाते, म्हणजे गिऱ्हाइकाला प्रत्येक पत्रामागे तोच मजकूर वाचावा लागत नाही. मजकूर बदलला तर ही मोजणी नव्याने सुरू होते.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वापरणाऱ्यांना Away message मध्ये हाच मजकूर घालता येतो. मात्र फोन इंटरनेटला जोडलेला असेल तरच ते उत्तर जाते. प्रवासात फोन बंद राहणार असेल तर त्यावर विसंबू नये आणि पेढीचा नंबर पेढीवरच ठेवून जावे.

परतल्यावर सोमवारी सकाळी जीमेलच्या वर पट्टी दिसते का ते पाहावे. दिसली तर उत्तर अजून चालू आहे. End now दाबून ते बंद करावे आणि मगच साचलेली पत्रे उघडावीत.